डावा खराब, उजवा दुखतो

धाराशिवमध्ये एक्स-रे आणि सोनोग्राफीचं केंद्र चालवण्यात माझी अर्धी हयात गेली. या काळात मला सगळ्यांत जास्त चीड कशाची आली असेल, तर ‘गॅप’ या शब्दाची. रोज कुणीतरी भिंतीला धरत धरत आत येतं, बाकावर टेकतं आणि म्हणतं, "बाई, गुडघ्यात गॅप पडलाय म्हनले डॉक्टर. फोटो काढायचाय." एक्स-रेला आमच्याकडं फोटोच म्हणतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गॅप पडत नसतो हो. गॅप असतोच, तो असायलाच हवा. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये फोटोत जी काळपट पट्टी दिसते, तिथं कूर्चा असते, आपण जिला गुडघ्यातली गादी म्हणतो ती. ती एक्स-रेवर उमटत नाही, म्हणून जागा रिकामी वाटते. गादी झिजली की हाडं एकमेकांजवळ येतात आणि ती पट्टी अरुंद होते. म्हणजे झिजेत गॅप पडत नाही, उलट जातो. पण ज्यांनी हे पेशंटला सांगायचं तेच "गॅप पडलाय" म्हणून मोकळे होतात, आणि मी एकेकाला समजावत बसते.

समजावून फार उपयोग होत नाही. लोकांना आकडा हवा असतो. तो आकडाही आम्हीच देतो. गुडघ्याच्या झिजेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, शून्यापासून चारापर्यंत. हाडाच्या कडेला काटा फुटल्यासारखा वाटतो पण खात्री देता येत नाही, ती पहिली. काटा स्पष्ट दिसतो आणि जागा थोडी कमी झाली असावी असं वाटतं, ती दुसरी. काटे बरेच आहेत, जागा नक्की कमी झाली आहे, हाडाची कड पांढरी, टणक दिसू लागली आहे, ती तिसरी. जागा जवळजवळ संपली, काटे मोठे झाले, हाडाचा आकारच बिघडला, ती चौथी. पद्धत वाईट नाही. जगभर चालते, मीही रोज वापरते. पण ही पायरी फोटोची असते, माणसाची नसते. एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसांच्या डोक्यात शिरत नाही, तेव्हा माझं डोकं फिरतं. मागच्या साली एकदा ते फारच फिरलं होतं.

सास्तूरची एक बाई मुलाबरोबर आली होती. साठीच्या पलीकडची, उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर भस्माचे पट्टे, केस घट्ट बांधलेले. भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं तेव्हा नवऱ्यानं पिठाची गिरण टाकली. नवरा गेल्यावर ती गिरण हिनंच चालवली. मुलगा तालुक्याच्या गावी नोकरीला होता, शर्टाला इस्त्री, हातात फोन. घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलत असावेत, कारण तो तिला ‘अव्वा’ म्हणत होता आणि बाकी सगळं मराठीत सांगत होता. सांगत तोच होता. ती बाकावर बसून माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

"मॅडम, गावात गुडघ्याचं मोफत शिबीर झालं," तो म्हणाला. "मोठ्या शहरातले डॉक्टर आले होते. अव्वाचा डावा गुडघा बदलायचा म्हणालेत. सरकारी योजनेत बसतं, सगळं फुकट होतंय. पण ही म्हणती, माझा डावा दुखतच न्हाय. फोटोवरची डाव्या-उजव्याची अक्षरं उलटी पडली असतील म्हणती. आता तुम्ही एकदा नीट फोटो काढा म्हणजे हिची खात्री पटंल."

मी बाईंना विचारलं, "मावशी, कुठला पाय दुखतो?"

"उजवा," ती म्हणाली. "गिरणीच्या तोंडात ज्वारी वतायला एक पायरी चढावी लागती बाई. त्या पायरीला जीव जातुया. रातच्याला कूस बदलली तरी जाग येती. डाव्याला काय बी न्हाय. समदं वजन डाव्यावर टाकूनच तर म्या उभी असते."

"आणि तो डावाच कापायला निघालेत," मी म्हणाले.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तेच म्हन्ते म्या. हाच एक पाय ऱ्हायलाय माझा. ह्यो बी बिघडला तर गिरण बंद. मग म्या सुनंच्या घरात जाऊन बसू काय?"

मुलगा म्हणाला, "अव्वा, बसलीस तर काय होतंय?" त्यावर ती कानडीत काहीतरी पुटपुटली. मला कळलं नाही. त्याला कळलं असावं, कारण त्यानं फोनमध्ये डोकं घातलं.

शिबिरातला फोटो मी पाहिला. अक्षरं उलटी पडणं अशक्य नसतं. गर्दीत उजव्याची खूण डाव्याला लागते, असं होतं कधी कधी. पण मला दुसरीच गोष्ट खटकली. तो फोटो झोपवून काढलेला होता. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर वजन नसतं. हाडं सैल राहतात आणि मधली जागा आहे त्यापेक्षा जास्त दिसते. गुडघ्याची झीज मोजायची तर माणूस दोन्ही पायांवर उभा हवा. शिबिरात घाई असते, यंत्र हलवून आणलेलं असतं, हे सगळं मला मान्य आहे. पण त्याच फोटोवर गुडघा बदलायचं ठरवणार असाल, तर निदान माणसाला उभं तरी करा.

आमच्या टेक्निशियननं त्यांना उभं केलं. मी स्वतः आत जाऊन खुणेची अक्षरं तपासली, डाव्या बाजूला डाव्याची, उजव्या बाजूला उजव्याची. बाई डोळे मिटून उभ्या होत्या, देवापुढं असल्यासारख्या. त्यांची आशा माझ्या यंत्रावर होती. अक्षरं उलटी निघाली म्हणजे त्या सुटल्या.

फोटो पडद्यावर आला. अक्षरं बरोबर होती. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूची जागा पूर्ण संपली होती, हाडावर हाड टेकलं होतं. कडेला मोठे काटे होते आणि पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला होता. चौथी पायरी, डोळे झाकून. उजव्याला कडेला छोटा काटा होता आणि जागा किंचित कमी झालेली. दुसरी पायरी. झोपवून काढलेल्या फोटोत डावा तिसरीचा वाटत होता. मी नीट फोटो काढला आणि बाईंची बाजू आणखी पडली.

मुलाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघ अव्वा, मी म्हणलो न्हाय का? डावाच खराब हाय."

बाईंचा चेहरा असा झाला, की जणू आपल्याच अंगानं आपल्याविरुद्ध साक्ष दिली आहे. तो चेहरा मला सहन झाला नाही. मी मुलाला म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा." तो म्हणाला, "का?" मी म्हणाले, "मी सांगते म्हणून." माझा आवाज असा चढला, की टेक्निशियनसुद्धा बाहेर गेला.

दार लावून मी विचारलं, "मावशी, शिबिरात डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला का?"

"न्हाय."

"पाय वाकवून बघितला?"

"न्हाय की. फोटो उजेडाला धरला आन् डावा बदला म्हनले."

"लुगडं वर करायला सांगितलं?"

त्या अशा दचकल्या, जणू मी भलतंच काही विचारलं. "तेवढ्या बापय मान्सांत? त्यांनी बी सांगितलं न्हाय आन् म्या बी केलं न्हाय."

रागाला नेमकी जागा मिळाली ती इथं. आमच्या भागातल्या बाईचा गुडघा आयुष्यभर कुणी बघत नाही. ती तो झाकते, डॉक्टर तो उघडायला सांगत नाही, आणि दोघांनाही ती मर्यादा वाटते. मग गुडघ्याऐवजी फोटो बघितला जातो. फोटोला लाज नसते, त्याला उजेडाला धरता येतं, चार माणसांत दाखवता येतं. त्या शिबिरात किती बायका गेल्या असतील, आणि डॉक्टरचा हात गुडघ्याला लागला अशी त्यात एक तरी असेल का, मला शंका आहे. पडदा लावायला एक जुनी चादर आणि उभी राहायला एक नर्स, एवढंच लागतं. तेवढंही कुणाला सुचलं नाही. मांडव घालायचं सुचलं, हारतुरे सुचले, पाहुण्यांची भाषणं सुचली.

मी त्यांना टेबलावर झोपवलं आणि लुगडं गुडघ्याच्या वर सरकवलं. डावा गुडघा वाकडा, गाठाळ होता. त्यावर हात ठेवला तर गार. दाबला, वाकवला, आतून कचकच आवाज आला, पण बाई छताकडं बघत पडून राहिल्या. "ह्यो लई वर्सांमागं दुखायचा," त्या म्हणाल्या. "तवा पाला बांधायची म्या. मग आपोआप ऱ्हायला." उजव्यावर हात ठेवला तर तो कोमट लागला. वाटीच्या वरचा भाग फुगलेला होता. बोटानं थोडं दाबलं तर त्यांनी माझं मनगट पकडलं.

सोनोग्राफीचा प्रोब लावला. उजव्या गुडघ्यात वाटीच्या वर पाणी साठलं होतं आणि सांध्याच्या आतलं अस्तर जाड होऊन सुजलं होतं. एक्स-रेला यातलं काहीही दिसत नाही. मी पडदा त्यांच्याकडं वळवला आणि सांगितलं, "मावशी, हे काळं दिसतंय ते पाणी. ही सूज. इथं दुखतं तुमचं. अक्षरं उलटी नव्हती, आणि तुम्हीही खोटं बोलत नव्हता."

त्या उठून बसल्या. लुगडं खाली ओढलं, नीट केलं, आणि मग म्हणाल्या, "दोन्ही खरं कसं असंल, बाई?"

तो प्रश्न त्यांनी विचारला याचा मला आनंद झाला. शिबिरातल्या डॉक्टरांनी तो स्वतःला विचारायला हवा होता. मी सांगितलं, की गादी झिजली हे फोटोत दिसतं, पण गादीला स्वतःला दुखतच नाही, तिच्यात नसाच नसतात. दुखतं ते सांध्याच्या अस्तराला, गादीखालच्या हाडाला, आजूबाजूच्या स्नायूंना आणि नसांच्या जाळ्याला. ते सुजलेत का, आतून चिडलेत का, हे फोटो सांगत नाही. त्यात झोप मोडलेली असली, काळजी असली, मांडीचे स्नायू कमजोर झाले असले, की दुखणं वाढतं. डाव्यात जी झीज व्हायची ती हळूहळू होऊन गेली, आता तिथं सूज नाही, आणि पाय मजबूत आहे. उजव्यात झीज थोडी आहे पण सांधा चिडलेला आहे. काटे बघून लोक घाबरतात, पण कित्येकांच्या गुडघ्यात काटे असतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

"म्हंजी फोटो खोटा न्हाय."

"नाही. फोटो हाडाची सावली दाखवतो. तेवढंच त्याचं काम. त्याला दुखणं विचारणं ही विचारणाऱ्याची चूक."

मुलाला आत बोलावून मी हे सगळं पुन्हा सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि मग विचारलं, "पण मॅडम, चौथी स्टेज हाय म्हणजे कधीतरी बदलायचाच की. आता फुकट होतंय तर करून घेतलेलं काय वाईट?" मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. गुडघा बदलणं म्हणजे जत्रेतलं पातेलं नव्हे, की मिळतंय तोवर घेऊन ठेवावं. हाडाची टोकं कापून धातू बसवतात. ज्याचं जगणं त्या गुडघ्यानं अडवलं आहे, दुखण्यानं जो पार टेकीला आला आहे, त्याला ते ऑपरेशन खरोखर नवं आयुष्य देतं. मी अशी माणसं पाहिली आहेत आणि त्या सर्जनांबद्दल मला आदर आहे. पण न दुखणारा, उभं राहता येणारा पाय? तो कशासाठी कापायचा? फोटो वाईट दिसतो म्हणून?

रिपोर्टमध्ये मी सगळं लिहिलं. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या, उजवीकडचं पाणी आणि सूज, आणि शेवटी ठळक अक्षरात, की दुखणं उजव्या गुडघ्यात आहे, डावा तपासणीत दुखत नाही. एरवी आम्ही रेडिओलॉजिस्ट रिपोर्टखाली एक ठरलेली ओळ लिहितो, ‘लक्षणांशी ताडून पाहावे’. ती कुणी वाचत नाही, हे आम्हाला माहीत असतं. म्हणून या वेळी मी तिच्याजागी ही ओळ ठळक लिहिली. तीही कुणी वाचली नाही. दुसऱ्याच आठवड्यात मुलाचा फोन आला, की उभं करून काढलेला तुमचा फोटो फार चांगला निघाला, शिबिरातल्या सर्जनसाहेबांनी तोच योजनेच्या अर्जाला लावून डाव्याची मंजुरी मागवली आणि ती आलीही.

मी फोन ठेवला नाही, आपटला.

ते सर्जन आठवड्यातून एकदा धाराशिवला येऊन एका खासगी दवाखान्यात पेशंट बघायचे. मी मुलाला सांगितलं, त्या दिवशी अव्वाला घेऊन तिथं या, मी येतेय. एखाद्याच्या दवाखान्यात असं घुसणं आमच्या व्यवसायात बरं दिसत नाही. पण बरं दिसण्याची मला तेव्हा अजिबात पर्वा नव्हती.

सर्जन तरुण होते, हसतमुख, बोलायला नम्र. मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, तुमचे फोटो फार छान असतात." मी म्हणाले, "फोटोचं राहू द्या. या बाईंचा कुठला गुडघा दुखतो, सांगा."

त्यांनी माझाच फोटो खिडकीच्या उजेडाला धरला. "डावा तर एंड-स्टेजच आहे. काही राहिलंच नाही. वयस्क पेशंट कधी कधी कन्फ्यूज होतात, मॅडम. दुसरीकडं दुखतं असं सांगतात."

"त्या गिरण चालवतात. कुणाची ज्वारी कुठल्या डब्यात आली ते त्यांना पक्कं माहीत असतं. स्वतःचा डावा-उजवा माहीत नसेल? हात लावून बघा."

ते घुटमळले. बाईंकडं बघितलं, मग मुलाकडं, मग दारातल्या कंपाउंडरकडं. "अहो, इथं साडी वगैरे... मी वरून बघतो." आणि त्यांनी लुगड्यावरूनच डाव्या गुडघ्याला बोटं टेकवली. कापड तपासतोय असं वाटत होतं.

तेव्हा बाई उठल्या. खुर्ची मागं सारली, कंपाउंडरला म्हणाल्या, "तू भाईर जा बाळा." तो गेला. मग मुलाला पाठ फिरवायला लावली, टेबलावर बसल्या आणि आपल्या हातानं लुगडं दोन्ही गुडघ्यांच्या वर घेतलं. एवढ्या वर्षांत परक्या पुरुषापुढं त्यांनी कधी असं केलं नसणार. त्यांची मान ताठ होती, आणि मला मात्र त्यांच्याकडं बघवेना. ज्या मर्यादेपायी सगळ्यांनी फोटोचा आडोसा घेतला, ती मोडायची पाळी शेवटी त्यांच्यावरच आली होती.

"आता बघा," त्या म्हणाल्या. "दाबून बघा. लाजू नका, म्या तुमच्या आईसारखी हाय."

सर्जनांनी डावा दाबला, वाकवला, सरळ केला. बाई खिडकीबाहेरची रिक्षा बघत होत्या. मग उजव्याच्या वाटीजवळ त्यांनी अंगठा ठेवला आणि बाई "अगं आईऽ" करून टेबलावरून अर्ध्या उठल्या. मुलगा पाठमोरा उभा होता, तो गर्रकन वळला. त्यानं आईचा तो आवाज आधी कधी ऐकला नसावा.

सर्जन खुर्चीत बसले. त्यांचं मी एक मानते, त्यांनी थापा मारल्या नाहीत. म्हणाले, "उजव्यात भरपूर पाणी आहे." आणि मग जे म्हणाले ते आठवलं की अजूनही माझं रक्त उकळतं. "पण उजवा दुसऱ्या ग्रेडचा आहे. त्याला मंजुरी मिळणार नाही. मंजुरी डाव्याचीच आलीय."

"त्यांना दुखणं कमी करून हवंय, डॉक्टर. मंजुरी तुम्हाला हवी आहे." हे मी म्हणाले, आणि बरंच काही म्हणाले, सगळं लिहिण्यासारखं नाही. उजव्याला ऑपरेशन नकोच आहे, असं म्हणाले. सूज आहे, तिच्यावर उपाय आहेत. पाणी काढून तपासायला पाठवा, वाटलं तर आत सुई द्या, मांडीचे व्यायाम शिकवा, चोळायला मलम द्या, डाव्या हातात काठी द्या, गिरणीची ती एक पायरी सपाट करा. फुटकळ उपाय आहेत सगळे. यांत कुणाच्या हाती कात्री येत नाही, शिबिराच्या फलकावर यांचं चित्र लागत नाही, आणि म्हणून ते कुणी सुचवतही नाही.

चहा आला, त्यावर साय धरली, कुणी प्यालं नाही. बाईंनी तोवर लुगडं खाली घेऊन निऱ्या सारख्या केल्या होत्या. त्यांनी टेबलावरून माझा फोटो उचलला, पाकिटात घातला आणि काखेत मारला. "माझा डावा मला ऱ्हाऊ द्या," त्या सर्जनना म्हणाल्या. "त्यो तुमच्या फोटोत वंगाळ दिसतुया, पर माझ्या अंगात नीट हाय. उजव्याचं काय करता यील ते सांगा, न्हायतर म्या जाते." तेव्हा मात्र सर्जनांनी सुई आणि निर्जंतुक हातमोजे मागवले.

पाणी काढलं. तपासणीत त्यात जंतू किंवा भलतं काही निघालं नाही, साधं झिजेच्या सुजेचंच होतं. मग आत औषध दिलं. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीची एक मुलगी भेटली, तिनं बाईंना खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरायला शिकवलं. बाई म्हणाल्या, एवढं सोपं हाय तर आधी का न्हाय सांगितलं? मुलानं गिरणीपुढची पायरी काढून उतार बांधला, असं त्यानं फोनवर कळवलं. धान्य ओतायला आता तो शनिवार-रविवारी येतो म्हणे. डाव्याची ती मंजुरी तशीच पडून राहिली.

काही महिन्यांनी दोघं पुन्हा माझ्याकडं आले. मी बाईंना बाहेरच्या दारापासून बाकापर्यंत चालत येताना बघितलं. काठी होती, पण ती त्यांच्या हातात नुसती होती. मी आत नेऊन सोनोग्राफी केली. पाणी बरंच कमी झालं होतं, थोडी सूज होती. "दुखतंय का?" विचारलं तर म्हणाल्या, "दुखतंय की. पर झोप लागती. ज्वारी वतताना आता देव आठवत न्हाय." झिजलेल्या गुडघ्याकडून एवढं मिळालं तरी खूप झालं. झीज काही उलटी फिरत नाही, आणि तसं आश्वासन मी त्यांना कधी दिलं नव्हतं.

आम्ही बाहेर आलो. मुलगा काउंटरपाशी उभा होता. चेहरा उजळलेला, मनापासून खूश. आईचं बरं झालं याचा आनंद त्याला होता, यात शंका नाही. त्यानं खिशातून पाकीट काढलं आणि टेक्निशियनला म्हणाला, "एक फोटो पण काढा की दोन्ही गुडघ्यांचा. किती फरक पडलाय, ते बघू तरी."

मी काही बोलण्याआधी बाई थांबल्या. काठी बाकाला टेकवून ठेवली. दोन्ही पायांवर सरळ उभ्या राहिल्या, त्या वाकड्या डाव्यावर आणि सुजलेल्या उजव्यावर, आणि त्याच्याकडं वळल्या.

"माझ्याकडं बघ की रं," त्या म्हणाल्या. "म्या हितंच उभी हाय."